शीर्षकात आधी प्रश्न, मग मंडळाचे नाव

(मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी फार लहान वाटेल. यूट्यूबवर आपण जे व्हिडिओ ठेवतो त्यांचे शीर्षक व त्याखालचा मजकूर कसा दुरुस्त करावा, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. परंतु हा विषय आम्ही का निवडला ते आधी सांगितले पाहिजे.

२०२३ च्या जुलैमध्ये आपल्या मंडळाने विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन शिबिर घेतले होते. त्यात जात वैधता प्रमाणपत्रावर एका अनुभवी मार्गदर्शकांचे तासाभराचे व्याख्यान झाले. कार्यकर्त्यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि ते यूट्यूबवर चढविले. काम चांगले झाले, असे आम्ही समजून चाललो. पुढच्या वर्षी जून महिन्यात आपल्याच वस्तीतील बारावी विज्ञानची एक विद्यार्थिनी मंडळाच्या कार्यालयात आली. कागदपत्रे सादर करावयास चार दिवस उरले होते आणि वंशावळीचे शपथपत्र कसे करावे हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही तिला म्हणालो, “अगं, हे सगळे आपल्या व्हिडिओत सांगितलेले आहे.” ती म्हणाली, “काका, मी दोन दिवस यूट्यूबवर शोधत होते. तुमचा व्हिडिओ मला दिसलाच नाही.”

मग तिच्याच मोबाईलवर आम्ही तो व्हिडिओ उघडून दिला. व्हिडिओखाली कागदपत्रांच्या यादीचा दुवा होता, तो उघडेना. ‘वंशावळ’ असे लिहिलेल्या वेळेवर तिने बोट ठेवले, तर मार्गदर्शक वंशावळीच्या विषयात बरेच पुढे निघून गेले होते आणि त्याची सुरुवात मागेच राहिली होती. म्हणजे व्याख्यान उत्तम असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याचे तिन्ही मार्ग बंद होते. शीर्षक चुकले होते, दुवा चुकला होता आणि वेळाही चुकल्या होत्या. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता. त्या आठवड्यात आम्ही जी दुरुस्ती केली, ती आज क्रमाने आपल्यापुढे मांडत आहोत.

प्रथम शीर्षक घेऊ. आमचे जुने शीर्षक असे होते: आधी मंडळाचे नाव, मग ‘आयोजित विद्यार्थी मार्गदर्शन शिबिर २०२३, सत्र दुसरे’ आणि सर्वांत शेवटी ‘जात पडताळणी’. ही सवय आपल्याला निमंत्रणपत्रिकेची लागलेली आहे. पत्रिकेवर आयोजकाचे नाव वर असते आणि ते तेथे योग्यच आहे. पण यूट्यूबच्या शीर्षकाला जास्तीत जास्त १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाईलच्या यादीत तेवढेही दिसत नाही. पुढचे शब्द तोडून तेथे तीन टिंबे येतात. आमच्या शीर्षकात जो भाग दिसत होता तो मंडळाचा आणि शिबिराचा होता. ज्या शब्दासाठी कोणी तेथे येणार, तोच शब्द त्या टिंबांच्या मागे दडला होता.

येथे देवनागरीची एक अडचण ध्यानात घ्यावी. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त हे सारे संगणक स्वतंत्रपणे मोजतो. ‘प्रमाणपत्र’ हा शब्द आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो दहा भरतो. त्यामुळे मराठी शीर्षकाला जागा आपण समजतो त्यापेक्षा कमी असते आणि म्हणून मुख्य शब्द पुढे आणणे अधिकच जरुरीचे ठरते.

पण मुख्य शब्द कोणता, हे आपल्या मनाने ठरवू नये. आपण कार्यालयीन भाषेत ‘जात पडताळणी’ म्हणतो. मुले काय टाईप करतात? हे पाहण्याचे दोन साधे मार्ग आहेत. यूट्यूब स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या `Analytics` मध्ये प्रेक्षक कोठून आले हे दाखविणारा भाग असतो. त्यात `YouTube search` उघडले म्हणजे लोकांनी कोणते शब्द शोधून हा व्हिडिओ गाठला ते दिसते. दुसरा मार्ग असा की ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘जात’ एवढेच लिहावे आणि खाली कोणत्या सूचना येतात त्या वाचाव्यात. खाजगी खिडकी एवढ्यासाठी की आपल्या नेहमीच्या खात्यात आपलाच पूर्वीचा शोध पुढे येतो आणि फसगत होते. या दोन्हींच्या जोडीला आम्ही अभ्यासवर्गातील मुलांनाही विचारले. बहुतेकांनी ‘जात वैधता प्रमाणपत्र’ असे सांगितले. बरीच मुले इंग्रजी अक्षरांत `caste validity` असे लिहितात, हेही कळले. त्यावरून नवे शीर्षक ठरले:

```
जात वैधता प्रमाणपत्र कागदपत्रे व अर्ज | Caste Validity | १२ वी मार्गदर्शन
```

संगणकाच्या मोजणीने हे ७३ भरते. पहिले तीन शब्द विद्यार्थ्याच्या तोंडचे आहेत, चौथ्या शब्दात त्याची नेमकी अडचण आहे आणि इंग्रजीत शोधणाऱ्यासाठी मध्ये दोन शब्द आहेत. मंडळाचे नाव शीर्षकातून गेले म्हणून काही ज्येष्ठ सभासद नाराज झाले. त्यांना आम्ही दाखविले की वाहिनीचे नाव यूट्यूब स्वतःच प्रत्येक शीर्षकाखाली देते. मंडळाचे नाव कोठेही गेलेले नाही, ते फक्त आपल्या जागी आले आहे. सत्राचा क्रमांक किंवा वर्ष द्यावयाचे असेल तर तेही शेवटी द्यावे.

तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिल्याने व्हिडिओ वर येईल, अशी एक समजूत आहे. आमच्या एका कार्यकर्त्याने मजकुराच्या शेवटी अशा शब्दांची लांबलचक माळ लावली होती. ती आम्ही काढून टाकली. असा शब्दांचा ढीग यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोगही नसतो. तसेच शीर्षकात जे नाव घ्यावे ते व्हिडिओत असलेच पाहिजे. ‘कागदपत्रे’ म्हटले आणि पहिली दहा मिनिटे सत्कारात गेली, तर मुले निघून जातात.

आता शीर्षकाखालच्या मजकुराकडे वळू. त्याला ५००० अक्षरांची जागा आहे, पण प्रेक्षकाला आपणहून दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. बाकीचे ‘आणखी’ म्हणून बोट लावल्यावर उघडते. आमच्या मजकुराच्या पहिल्या ओळीत मान्यवरांचे स्वागत होते. त्याखाली अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक, आभारप्रदर्शक अशा अकरा ओळी होत्या आणि त्याहून खाली कागदपत्रांचा दुवा होता. आम्ही क्रम फिरविला. आता सुरुवात अशी आहे. दुव्याचा पत्ता येथे नमुन्यादाखल दिला आहे:

```
जात वैधता प्रमाणपत्रासाठी कोणती कागदपत्रे लागतात
आणि अर्ज कसा भरावा. व्याख्यान: जुलै २०२३.
कागदपत्रांची यादी, एक पान:
https://example.org/yadi
```

मुख्य शब्द पहिल्याच वाक्यात आहे, पण तो साध्या वाक्यात आला आहे. व्याख्यानाचा महिना व वर्ष मुद्दाम दिले आहे, कारण अर्जाची पद्धत बदलत असते आणि ऐकणाऱ्याला हे बोलणे केव्हाचे आहे ते कळले पाहिजे. मान्यवरांची नावे आम्ही गाळली नाहीत. ती सर्वांत खाली, वेळांच्या यादीनंतर, पूर्ववत ठेवली आहेत.

यानंतर दुव्यांचा विषय. आमचा दुवा का उघडला नाही? यादीची फाईल ड्राइव्हवर होती आणि तिची परवानगी मर्यादित होती. ज्याने ती ठेवली त्याच्या मोबाईलवर ती नेहमी उघडे, म्हणून त्याला शंका आली नाही. बाहेरच्या माणसाला मात्र परवानगी मागण्याची सूचना दिसे. म्हणून नियम असा करावा की दुवा आपल्या खात्यातून कधीच तपासू नये. खाजगी खिडकीत किंवा मंडळाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर तो उघडून पाहावा. ड्राइव्हवर `Anyone with the link` ही परवानगी दिल्यावर आमचा दुवा चालू झाला.

यादी बदलली म्हणजे नवी फाईल चढवून नवा दुवा देण्याची घाई करू नये. ड्राइव्हवर त्याच फाईलसाठी `Manage versions` मधून नवी आवृत्ती ठेवता येते आणि पत्ता जुनाच राहतो. मग जेथे जेथे तो दुवा गेला असेल, मग ती व्हॉट्सॲप गटातली निरोपाची ओळ असो की कोणाच्या वहीतली नोंद, तेथे तो उपयोगी पडत राहतो.

पत्ता लहान करून देण्याची हौसही आवरावी. आमच्या २०१७ सालच्या एका व्हिडिओखाली `goo.gl` चा लहान दुवा होता. गूगलने ही सेवा नव्या दुव्यांसाठी २०१९ मध्ये बंद केली आणि दीर्घकाळ न वापरलेले जुने दुवे ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केले. तो व्हिडिओ फारसा कोणी पाहत नव्हते, त्यामुळे आमचा दुवाही त्यात गेला. लहान पत्त्यात एक परका मधला माणूस असतो. तो निघून गेला की वाट तुटते. शिवाय मूळ पत्ता पाहून दुवा कोठे नेईल याचा अंदाज वाचणाऱ्याला येतो, लहान पत्त्यावरून तो येत नाही.

लिहिण्याच्या काही बारीक गोष्टीही आहेत. पत्ता `https://` पासून पूर्ण लिहावा, नाहीतर तो नुसता मजकूर राहू शकतो. तो स्वतंत्र ओळीवर असावा आणि त्याला मराठी शब्द किंवा पूर्णविराम चिकटू देऊ नये, कारण चिकटलेले अक्षर पत्त्याचाच भाग धरले जाऊन दुवा चुकतो. दुव्याच्या वरच्या ओळीत तेथे काय मिळेल ते लिहावे. एवढे करूनही बाहेरचा दुवा निळा होत नसेल, तर स्टुडिओच्या `Settings` मध्ये `Feature eligibility` पाहावे. त्यातील प्रगत सुविधा वाहिनीला मिळालेल्या नसतील, तर मजकुरातील बाहेरचे दुवे दाबता येत नाहीत. आणि ‘शॉर्ट्स’ या छोट्या व्हिडिओंच्या मजकुरातील दुवे तर ऑगस्ट २०२३ पासून कोणासाठीच दाबण्याजोगे राहिलेले नाहीत. तेथे यादीचा दुवा देऊन उपयोग नाही.

आता वेळांकडे येऊ, कारण येथे आमची चूक सर्वांत सूक्ष्म होती. मूळ चित्रीकरण १ तास १२ मिनिटे ४० सेकंदांचे होते. एका कार्यकर्त्याने संपूर्ण व्हिडिओ ऐकून विषयवार वेळा काढल्या होत्या आणि त्या अगदी बरोबर होत्या. पुढे दुसऱ्या कार्यकर्त्याने स्टुडिओच्या `Editor` मधून सुरुवातीची ८ मिनिटे २० सेकंदे, म्हणजे स्वागत आणि सत्कार, कापून टाकले. हेतू चांगलाच होता. पण मजकुरातील वेळा आपणहून बदलत नाहीत. ‘वंशावळ’ पूर्वी ३४:०५ ला सुरू होत होते. कापल्यानंतर ते २५:४५ ला सुरू होऊ लागले, आणि यादीत मात्र ३४:०५ तसेच राहिले. ती विद्यार्थिनी जेथे पोहोचली ती हीच जागा.

यात फसवे काय होते ते लक्षात घ्या. यादीतील शेवटची वेळ १:०२:१० होती आणि कापलेला व्हिडिओ १:०४:२० चा होता. म्हणजे एकही वेळ व्हिडिओच्या बाहेर जात नव्हती. यादी दिसत होती, बोट लावल्यावर व्हिडिओ हलत होता, कोठेही चूक असल्याची सूचना नव्हती. अशी चूक फक्त ऐकूनच कळते. आम्ही प्रत्येक वेळेतून ८:२० वजा केले आणि यादी नव्याने लिहिली:

```
0:00 प्रमाणपत्र कोणाला लागते
13:25 कागदपत्रांची यादी
19:10 शपथपत्र
25:45 वंशावळ
38:30 अर्ज भरणे
53:50 विद्यार्थ्यांचे प्रश्न
```

या यादीवरून यूट्यूब व्हिडिओखालच्या पट्टीचे भाग पाडते. त्यासाठी काही अटी आहेत. पहिली वेळ 0:00 हवी. निदान तीन वेळा हव्यात. त्या चढत्या क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा असावा. आकडे इंग्रजी लिहावेत आणि मिनिट व सेकंद यांच्यामध्ये विसर्गासारखी दोन टिंबे द्यावीत. घाईत 13.25 असे लिहिले तर ती वेळ ठरत नाही. स्वागत कापल्यावर पहिली ओळ पुसून यादी 13:25 पासून सुरू केली असती, तर पट्टीचे भागच पडले नसते. म्हणून मजकूर जतन केल्यावर व्हिडिओ नव्याने उघडावा आणि पट्टीवर तुकडे दिसतात की नाही ते पाहावे. तुकडे नसतील तर या अटींपैकी एखादी मोडली आहे असे समजावे.

वेळ निवडताना विषयाचे पहिले वाक्य जेथे सुरू होते त्याच्या दोन-तीन सेकंद आधीची घ्यावी, म्हणजे ‘वंशावळ म्हणजे’ यातला पहिला शब्द तुटत नाही. भागाला नाव देताना ‘मुद्दा क्रमांक ३’ असे न लिहिता ‘वंशावळ’ असे लिहावे. आणि व्हिडिओ कापला असेल तर नव्या वेळा लगेच तपासू नयेत. कापलेला व्हिडिओ तयार होण्यास बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत लोकांना जुनाच दिसत असतो. काम पूर्ण झाल्यावरच प्रत्येक वेळेवर बोट ठेवून दहा सेकंद ऐकावे. सहा वेळांना एक मिनिट लागते.

एक गोष्ट मात्र आम्हाला दुरुस्त करता आली नाही. व्हिडिओच्या विशिष्ट क्षणाचा दुवा देता येतो. `watch?v=` असलेल्या पत्त्याच्या शेवटी `&t=805` लिहिले म्हणजे व्हिडिओ ८०५ व्या सेकंदाला, म्हणजे १३:२५ ला उघडतो. मुलांना निरोपातून पाठविण्यास हे फार सोयीचे आहे. पण कापण्यापूर्वी असे काही दुवे आम्ही गटांत पाठविले होते आणि एका पत्रकावरही छापले होते. मजकूर आपल्या हाती असतो, छापलेला कागद नसतो. ते दुवे आजही चुकीच्या जागी नेतात. म्हणून यापुढे छापील पत्रकावर किंवा स्मरणिकेत व्हिडिओचा साधा पत्ताच द्यावयाचा, वेळेसह नाही, असे आम्ही ठरविले आहे. शक्य असेल तर कापाकापी व्हिडिओ चढविण्यापूर्वीच उरकावी, हे त्याहून उत्तम.

याच कारणासाठी, कंटाळून व्हिडिओ पुसून नवा चढवावा हा विचार करू नये. शीर्षक व मजकूर कितीही वेळा बदलला तरी व्हिडिओचा पत्ता तोच राहतो. पुसून पुन्हा चढविला की पत्ता नवा होतो, जुने सर्व दुवे मरतात आणि खाली विचारलेले प्रश्न व दिलेली उत्तरेही जातात. दुरुस्ती जागच्या जागी करावी. मात्र करण्यापूर्वी जुने शीर्षक व जुना मजकूर वहीत किंवा दुसऱ्या फाईलमध्ये उतरवून ठेवावा, कारण बदललेला जुना मजकूर यूट्यूब परत देत नाही. दोन कार्यकर्त्यांनी एकाच संध्याकाळी एकाच व्हिडिओला हात लावू नये, हेही आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

या दुरुस्तीने काय साधते आणि काय साधत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. शीर्षक सुधारले म्हणून व्हिडिओ शोधात पहिला येईल असे नाही. क्रम ठरविताना लोक किती वेळ पाहतात यासारख्या पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात आणि त्या शीर्षकाने बदलत नाहीत. परिणाम पाहण्यासाठी रोज शीर्षक बदलत बसू नये. काही आठवडे जाऊ द्यावेत आणि मग `YouTube search` मध्ये कोणते शब्द दिसू लागले ते पाहावे. तुलना करताना ऋतू ध्यानात ठेवावा. प्रवेशाच्या दिवसांत हा विषय सगळेच शोधतात, म्हणून जूनची तुलना फेब्रुवारीशी न करता मागच्या जूनशी करावी. आमच्या बाबतीत त्या यादीत मंडळाच्या नावाच्या जागी ‘जात वैधता’ हे शब्द दिसू लागले. आमच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते, कारण मंडळाचे नाव माहीत नसलेली मुले आता तेथे येऊ लागली होती.

सभासद बंधूंनो, मंडळाच्या वाहिनीवर आज अनेक जुनी व्याख्याने आहेत आणि त्यांतील बहुतेकांची शीर्षके अजून निमंत्रणपत्रिकेसारखीच आहेत. अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की दोघादोघांनी मिळून एकेक व्हिडिओ घ्यावा. एकाने ऐकून वेळा काढाव्यात, दुसऱ्याने आपल्या मोबाईलवरून सर्व दुवे उघडून पाहावेत आणि शीर्षक ठरविताना दोघांनी स्वतःला विचारावे, ही माहिती मला हवी असती तर मी पहिला शब्द कोणता लिहिला असता? त्या विद्यार्थिनीचे शपथपत्र त्या दिवशी आम्ही कार्यालयात बसून पूर्ण करून घेतले आणि ते मुदतीत पोहोचले. ती आपल्या वस्तीतील होती, म्हणून कार्यालयापर्यंत येऊ शकली. जी मुले दूरच्या गावात बसून शोधत आहेत, त्यांना आपले कार्यालय ठाऊक नाही. त्यांच्यासमोर शोधपट्टी एवढेच एक दार आहे.